फ्रेम वाढवली तरी पेज फॉल्ट का वाढतात? फिफोची विसंगती कागदावर सोडवून पाहू

मेमरी वाढवली की पेज फॉल्ट कमी होतात, निदान वाढत तरी नाहीत, असं आपण धरून चालतो. फिफो पद्धतीत हे गृहीत चुकतं. पेजेस तीच, मागणीचा क्रमही तोच, फक्त तीनच्या जागी चार फ्रेम्स दिल्या, आणि फॉल्ट नऊवरून दहावर गेले. गणितात कुठेही चूक नसताना असं होतं.

१९६९ साली लास्लो बेलाडी, नेल्सन आणि शेडलर या तिघांनी हे एका शोधनिबंधात मांडलं, म्हणून याला ‘बेलाडीची विसंगती’ म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि बरेच जण ‘९ आणि १०’ एवढे आकडे पाठ करून मोकळे होतात. पण आकडे पाठ असणं वेगळं आणि दहावा फॉल्ट नेमका कुठून आला हे दाखवता येणं वेगळं. हा लेख दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा. तक्ता स्वतः भरला नाही तर हा विषय डोक्यात बसत नाही.

पायरी १: नियम नीट समजून घ्या

प्रोग्रामची मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. त्या तुकड्याला पेज म्हणायचं. प्रत्यक्ष रॅममध्ये एक पेज बसेल एवढी जी जागा असते, ती फ्रेम. प्रोग्रामने मागितलेलं पेज एखाद्या फ्रेममध्ये आधीच असेल तर तो हिट. नसेल तर पेज फॉल्ट: ऑपरेटिंग सिस्टीमला ते डिस्कवरून आणावं लागतं. सगळ्या फ्रेम्स भरलेल्या असतील तर आधी कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. कुणाला काढायचं, हे ठरवणारी पद्धत म्हणजे पेज रिप्लेसमेंट.

फिफोचं उत्तर सरळ आहे: जे पेज सगळ्यात आधी आत आलं, ते सगळ्यात आधी बाहेर. त्यासाठी पेजेसची एक रांग ठेवायची. नवीन पेज रांगेच्या शेवटी उभं राहतं आणि काढायची वेळ आली की पुढचं जातं.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हिट झाल्यावर रांगेत काहीही बदलत नाही. एखादं पेज आत आल्यावर शंभर वेळा वापरलं गेलं तरी रांगेतली त्याची जागा तीच राहते. फिफो फक्त ‘आत कधी आलं’ एवढंच पाहते, ‘शेवटचं कधी वापरलं’ हे तिच्या खिजगणतीतही नसतं. तक्ते चुकतात ते बहुतेक इथेच. हिट झालं की हात आपोआप त्या पेजला रांगेच्या शेवटी नेऊन ठेवतो. तसं केलं की ती फिफो उरत नाही, दुसरीच पद्धत होते, आणि मग विसंगती दिसतच नाही.

पायरी २: उदाहरण मांडा

पेजेसना मी मुद्दाम अक्षरं दिली आहेत: अ, ब, क, ड, इ. पुस्तकांत हेच उदाहरण १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५ असं अंकांत असतं. पण पायरीचा क्रमांक, फ्रेम्सची संख्या आणि पेजचा क्रमांक असे तिन्ही अंकच झाले की नवख्या माणसाचा गोंधळ उडतो.

प्रोग्रामने पेजेस ज्या क्रमाने मागितली तो क्रम असा:

अ ब क ड अ ब इ अ ब क ड इ

एकूण १२ मागण्या, पण वेगवेगळी पेजेस पाचच. सुरुवातीला मेमरी पूर्ण रिकामी आहे असं धरायचं, म्हणजे प्रत्येक पेजची पहिली मागणी हा फॉल्टच. हे पाच फॉल्ट कुठल्याही पद्धतीत टळत नाहीत. काही जण ‘सुरुवातीचे फॉल्ट धरायचे नाहीत’ असं समजून आकडा काढतात आणि उत्तर जुळत नाही. आपण सगळे धरणार आहोत.

तक्त्यात फ्रेम क्रमांक लिहिण्याऐवजी रांग लिहा. डावीकडे सगळ्यात जुनं पेज, उजवीकडे सगळ्यात नवीन. कुठलं पेज कुठल्या फ्रेममध्ये बसलं याने या प्रश्नात काहीच फरक पडत नाही. रांग लिहिली की पुढचं कोण जाणार हे शोधावं लागत नाही, डावीकडचं पहिलं अक्षर पाहिलं की झालं.

पायरी ३: तीन फ्रेम्सचा तक्ता

| क्रम | मागणी | निकाल | बाहेर गेलं | नंतरची रांग |
|---|---|---|---|---|
| १ | अ | फॉल्ट | – | अ |
| २ | ब | फॉल्ट | – | अ ब |
| ३ | क | फॉल्ट | – | अ ब क |
| ४ | ड | फॉल्ट | अ | ब क ड |
| ५ | अ | फॉल्ट | ब | क ड अ |
| ६ | ब | फॉल्ट | क | ड अ ब |
| ७ | इ | फॉल्ट | ड | अ ब इ |
| ८ | अ | हिट | – | अ ब इ |
| ९ | ब | हिट | – | अ ब इ |
| १० | क | फॉल्ट | अ | ब इ क |
| ११ | ड | फॉल्ट | ब | इ क ड |
| १२ | इ | हिट | – | इ क ड |

फॉल्ट नऊ, हिट तीन. आठव्या आणि नवव्या ओळीत रांग जशीच्या तशी राहिली आहे, ते पाहा. दहाव्या ओळीत ‘अ’ बाहेर गेलं, जरी ते दोनच मागण्यांपूर्वी वापरलं होतं. फिफोला त्याचं काही सोयरसुतक नाही.

पायरी ४: चार फ्रेम्सचा तक्ता

मागणीचा क्रम तोच, फक्त एक फ्रेम जास्त. पुढचा तक्ता वाचण्याआधी स्वतः भरून पाहा.

| क्रम | मागणी | निकाल | बाहेर गेलं | नंतरची रांग |
|---|---|---|---|---|
| १ | अ | फॉल्ट | – | अ |
| २ | ब | फॉल्ट | – | अ ब |
| ३ | क | फॉल्ट | – | अ ब क |
| ४ | ड | फॉल्ट | – | अ ब क ड |
| ५ | अ | हिट | – | अ ब क ड |
| ६ | ब | हिट | – | अ ब क ड |
| ७ | इ | फॉल्ट | अ | ब क ड इ |
| ८ | अ | फॉल्ट | ब | क ड इ अ |
| ९ | ब | फॉल्ट | क | ड इ अ ब |
| १० | क | फॉल्ट | ड | इ अ ब क |
| ११ | ड | फॉल्ट | इ | अ ब क ड |
| १२ | इ | फॉल्ट | अ | ब क ड इ |

फॉल्ट दहा, हिट फक्त दोन. तुमचे आठ आले असतील तर पाचव्या आणि सहाव्या ओळीत तुम्ही ‘अ’ आणि ‘ब’ला रांगेत मागे सरकवलं असणार. पहिल्या पायरीतला नियम पुन्हा वाचा आणि तक्ता परत भरा.

पायरी ५: दोन्ही तक्ते शेजारी ठेवा

बरीच स्पष्टीकरणं एकूण बेरीज दाखवून थांबतात. खरी गंमत मधल्या ओळींत आहे. प्रत्येक मागणीनंतर दोन्हीकडे आतापर्यंत किती फॉल्ट झाले, ते लिहून पाहू:

| क्रम | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ | १२ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| तीन फ्रेम्स | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ७ | ७ | ८ | ९ | ९ |
| चार फ्रेम्स | १ | २ | ३ | ४ | ४ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |

सातव्या मागणीपर्यंत चार फ्रेम्सची मेमरी दोन फॉल्टनी पुढे आहे: सात विरुद्ध पाच. म्हणजे जास्तीची फ्रेम सुरुवातीला अपेक्षेप्रमाणेच कामी आली. पाचव्या आणि सहाव्या मागणीला तिने दोन फॉल्ट वाचवले. पुढच्या दोन मागण्यांत ही सगळी आघाडी गेली. नववी मागणी संपता संपता दोन्हीकडे सात-सात. दहाव्या-अकराव्याला दोघांचाही फॉल्ट, आणि बाराव्याला तीन फ्रेम्सना ‘इ’ आत सापडलं, चार फ्रेम्सना नाही. फरक पडला तो या एका मागणीने. क्रमातलं शेवटचं ‘इ’ खोडून टाकलं तर नऊ-नऊ अशी बरोबरी होते. करून पाहा.

तेव्हा ‘फिफोमध्ये जास्त फ्रेम्स म्हणजे जास्त फॉल्ट’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. ठरावीक मागणीक्रमांसाठी, ठरावीक फ्रेम्स असताना असं होऊ शकतं, एवढंच खरं.

पायरी ६: कारण शोधा

सातवी मागणी येण्याच्या ठीक आधी दोन्ही रांगा पाहा. तोवर दोन्हीकडे सहा मागण्या झाल्यात, अगदी त्याच.

तीन फ्रेम्स: ड अ ब
चार फ्रेम्स: अ ब क ड

‘अ’ आणि ‘ब’ दोन्हीकडे आत आहेत, पण त्यांची रांगेतली जागा उलटी आहे. तीन फ्रेम्सच्या मेमरीत जागा कमी पडल्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ मध्यंतरी बाहेर फेकली गेली होती आणि पाचव्या-सहाव्या मागणीला पुन्हा आणावी लागली. तो तोटा झाला खरा, पण परत आणल्यामुळे ती रांगेच्या शेवटी, म्हणजे ‘ताजी’ म्हणून उभी राहिली. चार फ्रेम्सच्या मेमरीत ती बाहेर गेलीच नाहीत, म्हणून हिट मिळाला आणि रांगेतली त्यांची जुनी जागा कायम राहिली. रांगेच्या हिशेबात ती सगळ्यात म्हातारी.

मग ‘इ’ येतं. तीन फ्रेम्समधून ‘ड’ जातं, जे लगेच लागणार नाही. चार फ्रेम्समधून ‘अ’ जातं, आणि पुढचीच मागणी ‘अ’ची असते. इथून साखळी सुरू होते. ‘अ’ परत आणताना ‘ब’ जातं, पुढची मागणी ‘ब’ची. ‘ब’ आणताना ‘क’ जातं, पुढची मागणी ‘क’ची. ‘क’ आणताना ‘ड’, ‘ड’ आणताना ‘इ’. चार फ्रेम्सच्या तक्त्यात सातव्यापासून अकराव्या ओळीपर्यंत ‘बाहेर गेलं’ हा रकाना आणि त्याच्या खालच्या ओळीतली ‘मागणी’ जुळवून पाहा. पाचही वेळा अक्षर तेच आहे. जे नुकतं काढलं, तेच लगेच हवं.

याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फिफोमध्ये पेजचं ‘वय’ फक्त मागणीच्या क्रमावर ठरत नाही. ते शेवटचा फॉल्ट कधी झाला यावर ठरतं, आणि फॉल्ट कधी होणार हे फ्रेम्स किती आहेत यावर. म्हणून एक फ्रेम वाढवली की नुसती एक जागा वाढत नाही, पेजेसची सगळी क्रमवारीच बदलते. लहान आणि मोठी मेमरी ही एकाच रांगेची आखूड आणि लांब रूपं नसतात, त्या दोन वेगळ्या रांगा असतात.

पायरी ७: ‘सामावणं’ तपासा

वरचं कारण एका तपासणीत पकडता येतं. प्रत्येक मागणीनंतर विचारा: लहान मेमरीतली सगळी पेजेस मोठ्या मेमरीतही आहेत का? उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ असेल तर लहान मेमरीतला प्रत्येक हिट मोठ्या मेमरीतही हिटच होणार, आणि मोठीचे फॉल्ट जास्त होणं शक्यच नाही.

आपल्या उदाहरणात सहाव्या मागणीपर्यंत उत्तर ‘हो’ आहे. सातव्यानंतर लहान मेमरीत अ, ब, इ आहेत आणि मोठीत ब, क, ड, इ. ‘अ’ लहान मेमरीत आहे पण मोठीत नाही. सामावण्याचा नियम इथे मोडला. नियम मोडला म्हणजे फॉल्ट वाढतीलच असं नाही, पण तो मोडल्याशिवाय वाढूच शकत नाहीत.

हा नियम कधीच न मोडणाऱ्या पद्धतींना ‘स्टॅक अल्गोरिदम’ म्हणतात. मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली ही कल्पना मांडली. त्यातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे एलआरयू, जी सगळ्यात जास्त काळ न वापरलेलं पेज बाहेर काढते. तीन फ्रेम्सची एलआरयू शेवटची वापरलेली तीन वेगवेगळी पेजेस ठेवते, चार फ्रेम्सची शेवटची चार. शेवटच्या चारांत शेवटची तीन असणारच, त्यामुळे तक्ता न भरताही सामावणं सिद्ध होतं. इथे क्रमवारी फक्त मागणीवर अवलंबून असते, फ्रेम्सच्या संख्येशी तिचा संबंध नसतो.

पायरी ८: कोड चालवून खात्री करा

हाताने भरलेल्या तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी हा छोटा पायथन प्रोग्राम चालवा. अ, ब, क, ड, इ यांच्या जागी इथे A ते E वापरले आहेत.

```python
from collections import deque

def faults(refs, n, lru=False):
    q, count = deque(), 0
    for p in refs:
        if p in q:
            if lru:
                q.remove(p)
                q.append(p)
            continue
        count += 1
        if len(q) == n:
            q.popleft()
        q.append(p)
    return count

s = "ABCDABEABCDE"
for n in range(1, 6):
    print(n, faults(s, n), faults(s, n, lru=True))
```

पहिला आकडा फ्रेम्सचा, दुसरा फिफोच्या फॉल्टचा, तिसरा एलआरयूच्या फॉल्टचा:

```
1 12 12
2 12 12
3 9 10
4 10 8
5 5 5
```

फिफो आणि एलआरयू यांच्यातला कोडमधला फरक फक्त `if lru:` खालच्या दोन ओळींचा आहे. हिट झाल्यावर पेजला रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायचं, बस. एवढ्याने विसंगती नाहीशी होते. एलआरयूचा रकाना वरून खाली कुठेही वाढत नाही, फिफोचा रकाना ९ वरून १० वर जातो.

पण तीन फ्रेम्सची ओळ पुन्हा पाहा. फिफोचे नऊ, एलआरयूचे दहा. म्हणजे इथे फिफोच सरस ठरली! एलआरयू विसंगतीपासून मुक्त आहे याचा अर्थ ती नेहमी फिफोपेक्षा कमी फॉल्ट देते असा होत नाही. तिची हमी एवढीच की तिला स्वतःला जास्त फ्रेम्स दिल्या तर तिचे स्वतःचे फॉल्ट वाढणार नाहीत. तोंडी परीक्षेत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

पाचव्या ओळीत दोन्हीकडे पाचच फॉल्ट, कारण पेजेस पाच आणि फ्रेम्सही पाच. कुणाला काढायची वेळच येत नाही. एकूण पेजेसइतक्या फ्रेम्स झाल्या की पुढे कितीही वाढवा, आकडा तोच. दुसऱ्या टोकालाही विसंगती नाही. एकाच फ्रेममध्ये नेहमी शेवटचं मागितलेलं पेज असतं, आणि ते कुठल्याही मोठ्या मेमरीतही नुकतंच वापरलेलं म्हणून असतंच. त्यामुळे एकवरून वर जाताना फॉल्ट वाढत नाहीत. जे काही घडतं ते या दोन टोकांच्या मध्ये.

स्वतःचे मागणीक्रम देऊन पाहा. सलग फिरणारा क्रम, म्हणजे `"ABCDABCDABCD"`, दिला तर तीन फ्रेम्समध्ये बाराच्या बारा फॉल्ट होतात आणि चार फ्रेम्समध्ये फक्त चार. तीच फिफो, तीच फ्रेमवाढ, आणि निकाल अगदी उलट. बेतरतीब क्रम दिले तर बहुतेक वेळा आकडे घसरतानाच दिसतील. विसंगती मुद्दाम शोधावी लागते.

पायरी ९: ‘दुसरी संधी’ दिली तर?

फिफोची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सेकंड चान्स, किंवा क्लॉक. यात प्रत्येक पेजला एक वापर-बिट असतो. पेज आत आलं किंवा वापरलं गेलं की बिट १ होतो. काढायच्या वेळी पुढच्या पेजचा बिट १ असेल तर तो ० करून त्याला सोडून द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं, ० असेल तर काढायचं. हिटची दखल इथे घेतली जाते, म्हणजे विसंगती जायला हवी, नाही का?

जात नाही. आपलाच क्रम चार फ्रेम्सवर चालवा. पहिली चार पेजेस आत येताना चौघांचेही बिट १ झालेत. नंतर ‘अ’ आणि ‘ब’चे हिट झाले, पण त्यांचे बिट आधीच १ होते, त्यामुळे काहीच बदललं नाही. ‘इ’ आल्यावर काढायचं पेज शोधत फिरणारा काटा चारही बिट ० करत पूर्ण फेरी मारतो आणि जिथून निघाला तिथेच येऊन ‘अ’ला काढतो. सगळ्यांचेच बिट १ असतील तर कोण जास्त वापरलं गेलं हे बिटवरून कळत नाही, आणि सेकंड चान्स साध्या फिफोसारखी वागते. शेवटपर्यंत तक्ता भरलात तर तीन फ्रेम्सचे नऊ आणि चार फ्रेम्सचे दहा, तेच आकडे येतात. पेज आत येताना बिट १ करायचा, हे मी इथे धरलंय. काही जण तो ० ठेवतात, त्यांचा तक्ता वेगळा होईल, म्हणून सोडवताना आपण काय धरलं ते वर लिहून ठेवा.

हा फरक किती मोठा होऊ शकतो?

आपल्या उदाहरणात फरक एका फॉल्टचा आहे, म्हणून कुणाला वाटेल की ही केवळ गंमत आहे. १९६९ च्या निबंधात बेलाडी आणि सहकाऱ्यांनी असे मागणीक्रम रचून दाखवले ज्यांत मोठ्या मेमरीचे फॉल्ट लहान मेमरीच्या दुपटीच्या जवळ जातात. दुपटीच्या वर ते जाणार नाहीत असा त्यांचा अंदाज होता. तो चुकला. २०१० मध्ये फोर्नाई आणि इवान्यी यांनी दाखवलं की या गुणोत्तराला वरची मर्यादाच नाही. अर्थात हे मुद्दाम रचलेले क्रम आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राम अशा क्रमाने पेजेस क्वचितच मागतात.

तुमच्या संगणकावर हे दिसेल का?

शुद्ध फिफो सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आज सहसा वापरत नाहीत. लिनक्समध्ये पेजेस सक्रिय आणि निष्क्रिय अशा याद्यांत ठेवून वापरावर लक्ष ठेवतात. जुन्या व्हीएमएसमध्ये मात्र प्रत्येक प्रक्रियेसाठी फिफोच होती, पण एका युक्तीसह: काढलेलं पेज लगेच पुसून न टाकता काही काळ एका यादीत ठेवायचं. त्या काळात त्याची मागणी आली तर डिस्कपर्यंत न जाता तिथूनच उचलायचं. आपल्या तक्त्यातली ‘नुकतं काढलं, लगेच हवं’ ही साखळी अशा यादीने जवळपास फुकटात सुटते, कारण प्रत्येक वेळी हवं असलेलं पेज एकच मागणी आधी काढलेलं असतं.

म्हणून रॅम वाढवल्यावर एखादा प्रोग्राम हळू झाला तर थेट बेलाडीकडे बोट दाखवू नका. लिनक्सवर आधी हे चालवा:

```
/usr/bin/time -v ./program
```

यात `Major (requiring I/O) page faults` आणि `Minor (reclaiming a frame) page faults` अशा दोन वेगळ्या ओळी येतात. या लेखातले फॉल्ट, ज्यांत पेज डिस्कवरून आणावं लागतं, ते पहिल्या ओळीत मोजले जातात. दुसऱ्या ओळीतला आकडा मोठा असणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याचा या विसंगतीशी संबंध नाही. पहिलीच धाव आणि दुसरी धाव यांचीही तुलना करू नका. पहिल्या धावेत फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या धावेत ती बहुधा आधीच मेमरीत असते, आणि तेवढ्याने पहिल्या ओळीतला आकडा कोसळतो.

फिफो खरोखर भेटते ती स्वतः लिहिलेल्या कॅशेमध्ये. लिहायला सोपी, हिट झाल्यावर काहीच करावं लागत नाही, म्हणून बरेच जण तीच वापरतात, आणि ते गैर नाही. अशा कॅशेचा आकार ठरवताना मात्र एकाच आकारावर मोजून ‘याच्या दुप्पट केलं की फॉल्ट निम्मे’ असा अंदाज बांधू नका. मागण्यांची खरी नोंद एका फाइलमध्ये साठवा, वरच्या `faults` ला ती `refs` म्हणून द्या आणि तुमच्या मनात असलेले सगळे आकार एकेक करून चालवा. आकडा कुठे वर गेलाच तर त्या दोन आकारांच्या रांगा प्रत्येक मागणीनंतर छापा आणि लहान रांगेत असलेलं पण मोठीत नसलेलं पेज पहिल्यांदा कुठल्या ओळीत दिसतं ते शोधा. आपल्या उदाहरणात ती सातवी ओळ होती.